येरवड्यात भेट, मनीऑर्डर आणि इन्सुलिन: आधी काय, नंतर काय

प्रश्न: माझ्या भावाला चार दिवसांपूर्वी कोर्टाने एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, देऊन येरवडा तुरुंगात पाठवलं. वय ५२, शुगर आहे, दोन वेळा इन्सुलिन घेतो. काल आम्ही गेटवर गेलो तर भेट झाली नाही आणि औषधांची पिशवीही परत दिली. पैसे, औषधं, पत्र आत कसं पोचवायचं? तो आत दिवसभर काय करत असेल, जेवत असेल का, काहीच कळत नाही.

उत्तर:

ताई, भेटीची घाई समजू शकतो, पण तुमच्या बाबतीत पहिला नंबर औषधाचा. भेट चार दिवस पुढे गेली तर काही बिघडत नाही. इन्सुलिनचं तसं नाही. तेव्हा आधी औषध, मग भेट, पैसे आणि पत्र या क्रमाने सांगतो. वेळा, पैशांच्या मर्यादा आणि भेटीचे वार प्रत्येक कारागृहात थोडे वेगळे असतात आणि परिपत्रक निघालं की बदलतात. त्यामुळे आकड्यांसाठी शेवटचा शब्द गेटवरच्या फलकाचा धरा. कामाची पद्धत मात्र राज्यभर जवळपास सारखीच आहे.

पिशवी परत का दिली? गेटवरच्या शिपायाला समोरच्या गोळ्या कसल्या आहेत हे कळायला मार्ग नसतो. मनाई असलेली वस्तू आत पोचवणं हा गुन्हा आहे, त्यासाठी कैद होऊ शकते. त्यामुळे चिठ्ठीशिवाय, बिलाशिवाय, डब्यात काढून ठेवलेल्या गोळ्या तो कधीच घेणार नाही आणि त्यात त्याची चूकही नाही. आतलं औषध कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातूनच जातं. तुम्हाला त्या डॉक्टरपर्यंत कागद पोचवायचा आहे, पिशवी त्यानंतर.

यासाठी दोन कागद लागतात. पहिला तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं पत्र. नुसतं जुनं प्रिस्क्रिप्शन नको. लेटरहेडवर, नोंदणी क्रमांक आणि शिक्क्यासह लिहून घ्या: आजार किती वर्षांचा, शेवटचा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, किती, कोणतं इन्सुलिन, सकाळी किती युनिट, संध्याकाळी किती, जेवणाआधी किती मिनिटं, सोबत गोळ्या कोणत्या आणि शुगर एकदम उतरली तर याला काय होतं. दुसरा कागद कोर्टाचा आदेश. ज्या कोर्टाने एमसीआर दिला त्याच कोर्टात वकिलांमार्फत अर्ज द्या: कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासणी करून चालू उपचार सुरू ठेवावेत, औषध कारागृहात उपलब्ध नसेल तर नातेवाइकांकडून स्वीकारावं आणि तसा अहवाल कोर्टाला द्यावा. अहवालाची मागणी वगळू नका. नुसतं ‘नियमानुसार वैद्यकीय सुविधा द्यावी’ असा आदेश निघाला तर तो फायलीत लागून राहतो. अहवाल मागितला की पुढच्या तारखेला कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

आदेशाची प्रत मिळाली की कोर्टातून ती आपोआप जाईल याची वाट बघू नका. एक प्रत डॉक्टरांच्या पत्रासह स्वतः कारागृहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का व तारीख घ्या. पुढे ‘आदेश मिळालाच नाही’ असं उत्तर आलं तर तो शिक्काच कामाला येतो. वकील लावलेला नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आता इन्सुलिनचा हिशेब एका उदाहरणाने बघू. समजा भाऊ ३०/७० मिक्स इन्सुलिन सकाळी २० आणि संध्याकाळी १४ युनिट घेतो. रोजचे झाले ३४, महिन्याचे १०२०. आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या १० मिलिच्या बाटलीत, म्हणजे ४० युनिट प्रति मिलि असलेल्या, ४०० युनिट असतात. म्हणजे एक बाटली साडेअकरा दिवसांच्या आसपास जाते आणि महिन्याला तीन बाटल्या लागतात. बिल, बॅच नंबर आणि मुदत दिसेल अशा सीलबंद खोक्यात द्या. फ्रिजमध्ये ठेवावं लागतं हे डॉक्टरांच्या पत्रात लिहिलेलं असू द्या, म्हणजे न उघडलेल्या बाटल्या दवाखान्यात राहतील.

भाऊ पेन वापरत असेल तर इथे थांबून विचार करा. पेनची सुई बराकीत ठेवू देणं अवघड असतं, त्यामुळे टोचायला त्याला दवाखान्यातच जावं लागेल. तिथे पेन नसेल तर कोणीतरी काडतुसातून सिरिंजने औषध ओढण्याची शक्यता असते, आणि हे धोक्याचं आहे. काडतूस १०० युनिट प्रति मिलिचं असतं, तर लाल टोपीची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीसाठी असते. त्या सिरिंजवर १४ च्या खुणेपर्यंत काडतुसातलं इन्सुलिन ओढलं तर प्रत्यक्षात ३५ युनिट जातात. म्हणून तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा की बाटली आणि लाल टोपीची ४० ची सिरिंज यावर आणता येईल का. येत असेल तर पत्रात तेच लिहून घ्या. काही नव्या प्रकारची इन्सुलिन तशी बदलता येत नाहीत, तो निर्णय डॉक्टरांचाच.

झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामक, मनोविकारावरची औषधं यांबाबत कारागृह जास्त कडक असतं. ती सहसा एकेक डोस समोर घ्यायला लावून दिली जातात. आयुर्वेदिक चूर्ण, काढे, सुट्या पुड्या आणि लेबल नसलेली कुठलीही बाटली यांचा नाद सोडा.

आत दिवस कसा जातो हेही तुम्ही विचारलंय. ते औषधाशीच बांधलेलं आहे, म्हणून इथेच सांगतो. सकाळी सहाच्या सुमारास गिनती होऊन बराक उघडते. चहा आणि पोहे, उपमा, शिरा असं काहीतरी सातच्या पुढेमागे मिळतं. दुपारचं जेवण दहा-अकराच्या दरम्यान, मग बाराच्या सुमाराला पुन्हा बराक बंद आणि तीनच्या आसपास उघडणं. संध्याकाळचं जेवण, ज्याला आत भत्ता म्हणतात, पाचच्या आगेमागे वाटतात आणि सहाच्या सुमारास गिनती होऊन बराकीला कुलूप लागतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच निघतं. कच्च्या कैद्याला, म्हणजे न्यायाधीन बंद्याला, सक्तीचं काम नसतं आणि कपडे स्वतःचे घालता येतात. बाकी वेळ वाचणं, टीव्ही, पत्ते, नमाज-पूजा, कोर्टाच्या तारखेची चर्चा आणि नळावर नंबर लावणं यात जातो. बराकी मूळ क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या असतात, त्यामुळे झोपायची जागा हा पहिल्या आठवड्यातला खरा त्रास. जेवणाची चव घरची नसते, पण पोट भरेल इतकं मिळतं. घरचा डबा हवा असेल तर न्यायाधीन बंद्यासाठी कायद्यात सोय आहे. प्रत्यक्षात कोर्टाचा आदेश लागतो आणि भक्कम वैद्यकीय कारण असल्याशिवाय तो सहज मिळत नाही.

इन्सुलिनशी संबंध कुठे, तर इथे. घरी भाऊ साडेआठला टोचून नऊला जेवत असेल. आत संध्याकाळचं इन्सुलिन पाचच्या सुमाराला मिळेल, कारण त्यानंतर बराक बंद. पण बरेच जण भत्ता ताटात झाकून ठेवतात आणि आठ-नऊला खातात. पाचला इन्सुलिन आणि आठला जेवण असं झालं की मधल्या वेळात शुगर उतरते: घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं. आणि लगेच जेवलं तरी एरवीपेक्षा लवकर जेवण झाल्यामुळे पहाटेपर्यंतचा काळ लांबतो. रात्री बराक उघडायची तर पहाऱ्यावरच्या शिपायाने अधिकाऱ्याला बोलवावं लागतं, त्यात वेळ जातो. म्हणून तीन गोष्टी करा. डॉक्टरांना आतल्या जेवणाच्या वेळा सांगून संध्याकाळचा डोस त्याप्रमाणे ठरवून घ्या. भावाला पहिल्याच भेटीत सांगा की टोचून आल्यावर निम्मी पोळी-भाजी लगेच खायची, उरलेली रात्री. आणि त्याच्या उशाशी साखर किंवा ग्लुकोज बिस्किटांचा पुडा कायम असला पाहिजे, शेजारी झोपणाऱ्याला तो कशासाठी आहे हे माहीत असलं पाहिजे. तो पुडा कँटीनमधून येतो आणि कँटीन चालतं मनीऑर्डरवर. म्हणून मनीऑर्डर आजच करा, भेटीची वाट न बघता.

पैसे रोख देता येत नाहीत. पोस्टाची मनीऑर्डर हा जुना आणि भरवशाचा मार्ग. काही कारागृहांत बँक खात्यावर किंवा ऑनलाइन भरायची सोय असते. ती असेल तर खात्याचा तपशील फक्त गेटवरच्या फलकावरून किंवा कारागृहाच्या कार्यालयातून घ्या, बाहेर उभ्या माणसाकडून नको. मनीऑर्डरवर नाव असं लिहा: बंद्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, न्यायाधीन बंदी क्रमांक, द्वारा अधीक्षक, येरवडा मध्यवर्ती कारागृह, पुणे ४११००६. एका मनीऑर्डरला रकमेची मर्यादा असते, ती पोस्टात विचारून घ्या, आणि कमिशन दर २० रुपयांना १ रुपया, म्हणजे २००० रुपये पाठवायला १०० रुपये. पैसे भावाच्या हातात जात नाहीत, त्याच्या नावच्या खासगी रोख खात्यात जमा होतात आणि त्यातून कँटीनची खरेदी वजा होते. पोस्टाच्या खिडकीपासून कँटीनच्या वारापर्यंत आठवडा धरून चाला.

महिन्याला किती पाठवता येतात यावर कारागृह विभागाची मर्यादा असते. २०२१ साली ती ४५०० रुपये होती, पुढे बदलली. सध्याची फलकावर बघून घ्या. मर्यादा वाढवली असली तरी सगळी रक्कम एकदम पाठवू नका. पहिल्या महिन्यात दीड-दोन हजार पुरतात: साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, फरसाण, पाण्याच्या बाटल्या, वही-पेन. ज्याच्या खात्यात जास्त पैसे असल्याचं बराकीत कळतं त्याच्याकडे उधार मागणारेही वाढतात.

मनीऑर्डर परत येण्याचं सर्वांत मोठं कारण नावातला फरक. एफआयआरमध्ये ‘राजू उर्फ राजेंद्र’ असेल तर वॉरंटवर आणि कारागृहाच्या रजिस्टरात तेच चढतं. तुम्ही आधारप्रमाणे ‘राजेंद्रकुमार’ लिहिता आणि कारकून म्हणतो असा बंदी इथे नाही. एका येरवड्यात एकाच नावाची अनेक माणसं असतात, म्हणून क्रमांक महत्त्वाचा. तो आणि नावाचं नेमकं स्पेलिंग वकिलांकडून किंवा गेटवरच्या खिडकीवर विचारून पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. पुढची भेट, पत्र, औषध, सगळं त्याच नावाने आणि क्रमांकाने होणार आहे.

भेटीचं बघू. न्यायाधीन बंद्याला साधारण आठवड्यातून एक भेट मिळते आणि ती पंधरा-वीस मिनिटांची धरा. एका वेळी दोन-तीन नातेवाईकच सोडतात. नोंदणीसाठी eprisons.nic.in वर eMulakat हा भाग आहे. तिथे तुमचं नाव, पत्ता, नातं, ओळखपत्राचा क्रमांक, मोबाइल, ईमेल आणि बंद्याचा तपशील भरून राज्य व कारागृह निवडायचं. प्रत्यक्ष भेट हवी की व्हिडिओवर हेही तिथेच ठरतं. ओटीपी टाकल्यावर विनंती कारागृहाकडे जाते आणि मंजुरीचा निरोप मोबाइलवर व ईमेलवर येतो. व्हिडिओ भेटीसाठी त्यात लिंक आणि पिन असतो. विनंती पाठवली म्हणजे भेट ठरली असं नाही. मंजुरीचा निरोप आल्याशिवाय पुण्याची गाडी पकडू नका. कालची तुमची भेट का हुकली ते तुमच्या प्रश्नावरून सांगता येत नाही, पण नोंदणी नसणं, सुट्टीचा वार, नव्या बंद्याची आतली नोंद पूर्ण नसणं आणि नात्याचा पुरावा नसणं ही चार कारणं मी नेहमी बघतो.

शेवटचं कारण तुम्हाला लागू होऊ शकतं. तुमचं लग्न झालं असेल तर आधारवर आडनाव सासरचं आणि पुढे नवऱ्याचं नाव. त्यावरून तुम्ही बहीण आहात हे खिडकीवर सिद्ध होत नाही. शाळा सोडल्याचा दाखला, माहेरचं जुनं रेशनकार्ड किंवा लग्नाची नोंद, ज्यात वडिलांचं नाव आहे असा एखादा कागद आणि त्याची झेरॉक्स बरोबर ठेवा. पहिल्या भेटीला वहिनी किंवा आई-वडील बरोबर असतील तर आणखी बरं.

जाताना मूळ आधार, दोन झेरॉक्स, पावती आणि मंजुरीचा निरोप कागदावर छापून न्या, कारण मोबाइल बाहेरच ठेवावा लागतो. पर्स, चाव्या, तंबाखू, काडेपेटी घरीच राहू द्या. नवऱ्याच्या खिशात विसरलेली गुटख्याची पुडी झडतीत सापडली तर त्या दिवसाची भेट जाते आणि प्रकरण वाढूही शकतं. सकाळी नोंदणी उघडते तेव्हाच पोचा. भेट बहुतेक ठिकाणी काचेआडून, इंटरकॉमच्या रिसीव्हरवर होते. शेजारी सगळे ओरडून बोलत असतात, म्हणून रिसीव्हर एकाच्याच हातात ठेवा आणि विचारायच्या गोष्टी आधी कागदावर लिहून आणा: इन्सुलिन रोज मिळतं का, किती वाजता, शुगर शेवटची कधी तपासली, पैसे जमा झाले का, बराक कोणती, कपडे-चादर हवी का. केसबद्दल बोलू नका. नातेवाइकांची भेट देखरेखीखाली असते. वकिलांशी बोलणं खासगी ठेवण्याची तरतूद वेगळी आहे, त्या गोष्टी वकिलांमार्फतच जाऊ द्या.

राज्यातल्या कारागृहांत स्मार्ट कार्डवर चालणाऱ्या फोनची सोयही आहे. त्यासाठी भावाने आत अर्ज करून तुमचा नंबर द्यावा लागतो आणि नंबर पडताळल्यावरच फोन सुरू होतो. नंबर तुमच्याच नावावर नोंदलेला असेल तर पडताळणी लवकर होते. तो फोन तिकडून येतो, तुम्ही इकडून करू शकत नाही. त्यामुळे ‘मी जेलमधून बोलतोय, तुमच्या भावाला मारहाण होतेय, लगेच गुगल पे करा’ असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका. वकिलांना कळवा आणि पुढच्या तारखेला भावाकडूनच खात्री करून घ्या. हल्ली कोर्टासमोर हजर करणं बऱ्याचदा व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, होतं, पण न्यायाधीश ‘काही तक्रार आहे का’ विचारतात तेव्हा औषध मिळत नसल्यास त्याने तिथेच सांगायचं. एका वेळी वाढवून मिळणारी कोठडी जास्तीत जास्त १५ दिवसांची असते, म्हणजे ही संधी पंधरवड्यातून एकदा तरी येते.

पत्र सगळ्यात सोपं आणि लोक सगळ्यात कमी वापरतात ते. मनीऑर्डरवरचाच पत्ता, तेच नाव, तोच क्रमांक. साध्या टपालाने चालतं, पोच हवी असेल तर स्पीड पोस्ट करा. प्रत्येक पत्र उघडून वाचलं जातं, हे गृहीत धरून लिहा. साक्षीदार, तपास, पैशांचे व्यवहार, टोपणनावं, अर्धवट इशारे नकोत. संशय आला की पत्र अडकतं. पाकिटात नोटा किंवा गोळ्या घालू नका. मुलांचा एखादा फोटो, घरातल्या बातम्या, डॉक्टरांनी बदललेला डोस मोठ्या अक्षरात, आणि पत्राला क्रमांक: पत्र १, पत्र २. उत्तरात त्याने ‘३ मिळालं, २ नाही’ लिहिलं की कुठलं अडकलं ते कळतं. पुस्तक पाठवायचं तर साध्या कागदी बांधणीचं, जाड पुठ्ठ्याचं नको, आणि आधी भेटीत खिडकीवर विचारून.

एवढं करूनही पत्र किंवा मनीऑर्डर परत आली तर पहिला संशय बदलीचा घ्या. गर्दी वाढली की न्यायाधीन बंद्यांना दुसऱ्या कारागृहात हलवतात आणि घरी कळवलं जाईलच असं नाही. वकिलांना पुढच्या तारखेचं वॉरंट कुठल्या कारागृहाच्या नावे निघालंय ते कोर्टात बघायला सांगा. बदली झाली असेल तर नवा क्रमांक घ्या, नव्या अधीक्षकांच्या नावे डॉक्टरांचं पत्र आणि आदेशाची प्रत पुन्हा द्या. जुन्या कारागृहातल्या फ्रिजमधल्या बाटल्या त्याच्याबरोबर गेल्या असतील असं धरू नका, त्याच दिवशी एक नवी बाटली घेऊन ठेवा.